दुकानाची पहिली नोंद : भांडवल किती आणि कर्ज किती?

भिवंडीत यंत्रमागाच्या आधाराने चालणारे लहान धंदे पुष्कळ आहेत. कोणी मागाचे सुटे भाग विकतो, कोणी कांड्या भरून देतो, कोणी सूत किंवा कोरे कापड घेतो-विकतो. यातील बरेच जण आधी कुठेतरी कामाला असतात. चार पैसे साठले आणि नात्यातील एखाद्याने हात दिला की स्वतःचा गाळा उघडतात. माल भरला जातो, फळ्या ठोकल्या जातात, पाटी लागते. वही मात्र पहिल्या विक्रीपासून सुरू होते. विक्री होण्यापूर्वी दुकानात काय होते आणि ते कोणाच्या पैशाने आले होते, हे कुठेच लिहिलेले नसते. वर्षअखेरीस नफा काढायला बसले म्हणजे ही उणीव जाणवते. म्हणून या लेखात आम्ही फक्त एकाच नोंदीबद्दल लिहीत आहोत. हिशेबाच्या भाषेत तिला प्रारंभिक नोंद किंवा आरंभीची नोंद म्हणतात.

आमचे सांगणे थोडक्यात असे. भांडवलाचा आकडा अंदाजाने लिहायचा नसतो, तो काढायचा असतो. दुकानात आलेल्या सर्व वस्तूंची आणि रोख रकमेची किंमत मांडावी, त्यातून दुकानासाठी घेतलेले कर्ज वजा करावे, मग जे उरेल ते मालकाचे भांडवल. कोणते कर्ज वजा करायचे, हे कर्ज कोणाच्या नावावर आहे यावरून ठरत नाही. त्याचे पैसे कुठे गेले यावरून ठरते.

समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. शांतीनगर भागात एक जॉबर आहे. अनेक वर्षे दुसऱ्यांचे माग दुरुस्त केल्यावर तो 1 एप्रिल रोजी स्वतःचे सुट्या भागांचे दुकान सुरू करतो. शटल, पिकर, फणी, कांड्या, पट्टे असा माल तो ठेवणार आहे. गाळा वडिलांचा आहे आणि भाडे द्यायचे नाही, म्हणून गाळा त्याच्या वहीत येत नाही. त्याची स्वतःची बचत 1,90,000 रुपये होती. मामूंनी दुकानासाठी 1,00,000 रुपये बिनव्याजी दिले. या 2,90,000 रुपयांतून त्याने 40,000 रुपयांचे काउंटर व कपाटे करवून घेतली, माल भरला आणि दुकान उघडायच्या सकाळी त्याच्या गल्ल्यात 65,000 रुपये रोख उरले. शिवाय घरातील एक लोखंडी कपाट त्याने दुकानात आणून ठेवले.

आता पहिले काम यादीचे. जमा-नावे पद्धतीचे पहिले छापील विवरण लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाच्या ग्रंथात आहे. तो ग्रंथ 1494 साली व्हेनिसमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही व्यापाऱ्याला आधी हेच करायला सांगितले आहे. आपल्याजवळ काय आहे आणि आपण कोणाचे काय देणे लागतो याची पूर्ण यादी करा, वह्या त्यानंतर उघडा. पाचशे वर्षांनंतरही यात बदल झालेला नाही. यादी दुकान उघडण्यापूर्वी, शक्यतो आदल्या रात्री करावी. एकदा गिऱ्हाईक सुरू झाले की आधीचा माल आणि नंतरचा माल वेगळा करता येत नाही.

यादीतील रोख रक्कम मोजून लिहायची असते, तेव्हा तिथे वाद नाही. काही रक्कम बँकेत असेल तर ती रोख रकमेत मिसळू नये, बँकेची वेगळी ओळ करावी. फर्निचरमध्ये नवीन काउंटर व कपाटांचे 40,000 रुपये सुताराच्या बिलाप्रमाणे लिहावेत. घरून आणलेल्या जुन्या कपाटाला मात्र बिल नाही. दहा वर्षांपूर्वी ते कितीला घेतले होते हे इथे उपयोगाचे नाही. आज तसे जुने कपाट बाजारात जेवढ्याला मिळेल, तेवढी किंमत वहीत धरावी. आपल्या जॉबरने ती 5,000 रुपये धरली. फर्निचर एकूण 45,000 रुपये झाले. हे कपाट घरचे जुने आहे, एवढे कर सल्लागाराला सांगून ठेवावे, कारण आयकरासाठी घसारा काढण्याचे नियम वेगळे आहेत.

माल मोजताना चूक होण्याचा संभव सर्वांत जास्त असतो. माल खरेदी किमतीने लिहायचा, विक्री किमतीने नाही. खरेदी किमतीत माल दुकानापर्यंत आणण्याचा खर्चही येतो. आपल्या जॉबरची मालाची बिले 1,81,500 रुपयांची आहेत. टेंपो आणि हमालीचे 3,500 रुपये झाले. तेव्हा माल 1,85,000 रुपयांचा. त्याची जीएसटी नोंदणी नाही, म्हणून बिलावरील कर हा मालाच्या किमतीचाच भाग आहे. ज्याची नोंदणी आहे आणि ज्याला तो कर वळता मिळणार आहे, त्याने कराची रक्कम मालाच्या किमतीत धरू नये. एखादा माल जुना किंवा खराब असून खरेदी किंमतही वसूल होणार नसेल, तर जेवढी येईल तेवढीच किंमत धरावी.

विक्री किमतीने लिहिले तर काय बिघडते? समजा, हाच माल 2,40,000 रुपयांना विकला जाईल असे धरून त्याने तोच आकडा लिहिला. मग भांडवल 55,000 रुपयांनी फुगेल. हे 55,000 म्हणजे अजून न झालेल्या विक्रीचा नफा होय. पुढे तो माल खरोखर 2,40,000 रुपयांना विकला गेला तरी वहीत त्यावर एक रुपयाचाही नफा दिसणार नाही. दुकानात गर्दी आहे, पण वही नफा दाखवत नाही अशी तक्रार ऐकू आली, तर आरंभीचा माल कोणत्या भावाने लिहिला होता हे प्रथम पाहावे.

आता देण्याची बाजू. मामूंचे 1,00,000 रुपये दुकानात लागले, म्हणून ते दुकानाचे देणे. व्याज नाही म्हणून ते देणे नाही असे होत नाही. कर्ज-ए-हसना असले तरी मूळ रक्कम परत करायचीच असते आणि वहीला तेवढेच कळायला हवे. मामूंनी ही रक्कम बक्षीस म्हणून दिली असती, तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा ती मालकाची झाली असती आणि भांडवलात गेली असती. म्हणून पैसे घेतानाच हे स्पष्ट करून घ्यावे आणि एका कागदावर तारीख, रक्कम व फेडीची मुदत लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.

याच जॉबरवर बहिणीच्या लग्नासाठी घेतलेले 60,000 रुपयांचे दुसरे कर्जही आहे. ते फेडायचे आहे हे खरे, पण त्यातील एक पैसाही दुकानात आलेला नाही. म्हणून ते दुकानाच्या वहीत लिहायचे नाही. कायद्याच्या नजरेने एकट्याचा धंदा आणि त्याचा मालक वेगळे नाहीत. लग्नाचे कर्ज देणारा उद्या दुकानातील मालावरही हक्क सांगू शकतो. परंतु हिशेबासाठी दुकान हा वेगळा माणूस मानावा लागतो, नाहीतर दुकानाने किती कमावले आणि घराने किती खर्च केले हे कधीच कळणार नाही.

आता या दुकानरूपी माणसाला काय मिळाले ते पाहू. रोख 65,000, फर्निचर 45,000 आणि माल 1,85,000, एकूण 2,95,000 रुपये. हे त्याला कोणी दिले? 1,00,000 रुपये मामूंनी. उरलेले 1,95,000 मालकाने. हेच भांडवल. जे दुकानात आले ते नावे आणि ज्याने दिले तो जमा, या नियमाने किर्दीत नोंद अशी होईल :

1 एप्रिल
रोख खाते, नावे : रु. 65,000
फर्निचर खाते, नावे : रु. 45,000
मालसाठा खाते, नावे : रु. 1,85,000
मामूंचे कर्ज खाते, जमा : रु. 1,00,000
भांडवल खाते, जमा : रु. 1,95,000
(धंदा सुरू करताना आणलेली मालमत्ता व दुकानासाठी घेतलेले कर्ज यांची नोंद केली.)

नावे बाजूची बेरीज 2,95,000 आणि जमा बाजूचीही 2,95,000. पण बेरीज जुळली एवढ्यावर समाधान मानू नये. भांडवल आपण वजाबाकीने काढले आहे, म्हणून बेरीज जुळणारच होती. यादीत एखादी रक्कम चुकली असली तरीही ती जुळली असती. खरी पडताळणी दुसऱ्या बाजूने करावी लागते. मालकाने स्वतःच्या खिशातून काय घातले? बचत 1,90,000 रुपये आणि कपाट 5,000 रुपये, एकूण 1,95,000. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला, तेव्हा यादी पूर्ण आहे. समजा दुसऱ्या वाटेने 1,95,000 आले आणि वजाबाकीने 1,80,000, तर 15,000 रुपयांची एखादी वस्तू यादीतून सुटली आहे किंवा तेवढी रक्कम दुकानाऐवजी घरात खर्च झाली आहे.

हाच प्रश्न बऱ्याच जणांना अडवतो. उसने घेतलेले पैसे थोडे दुकानात आणि थोडे घरात लागले, तर काय करावे? समजा मामूंच्या एक लाखातील 30,000 रुपये घराच्या छपराला गेले. मग गल्ल्यात 65,000 ऐवजी 35,000 रुपयेच असतील आणि दुकानातील एकूण मालमत्ता 2,65,000 होईल. दुकानाचे देणे 70,000 रुपये लिहावे. भांडवल पुन्हा 1,95,000 च येते, आणि ते बरोबरच आहे, कारण मालकाने घातलेला पैसा बदललेला नाही. घरात गेलेले 30,000 रुपये मालकाने मामूंना खासगीत द्यायचे. पुढे ते दुकानाच्या पैशातून फेडले तर त्यांची नोंद उचल म्हणून होईल.

बँकेचे पर्सनल लोन घेऊन दुकान घालणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. कागदावर ते माणसाच्या नावाने असते, पण पैसा दुकानात लागला असेल तर ते दुकानाच्या देण्यात दाखवावे. त्याच्या हप्त्याचे दोन भाग असतात. व्याजाचा भाग खर्चात जातो आणि मुद्दलाचा भाग कर्ज खात्याला नावे पडतो. पूर्ण हप्ता खर्चात टाकला तर नफा खोटा कमी दिसतो. बँकेकडून फेडीचा तक्ता मिळतो. त्यात प्रत्येक हप्त्याचे हे दोन भाग वेगळे दिलेले असतात, तेव्हा नोंद त्यावरूनच करावी.

मालाबाबत एक खुलासा करतो. पहिल्या दिवशी आणलेला माल आम्ही मालसाठा खात्यात लिहिला, खरेदी खात्यात नाही. धंदा सुरू झाल्यावर दुकानाच्या पैशाने जो माल येईल तो खरेदीत जाईल. दोन्ही वेगळे ठेवले म्हणजे वर्षाची खरेदी किती हे स्पष्ट दिसते आणि ती बिलांशी ताडून पाहता येते. आरंभीच्या मालापैकी काही उधारीवर घेतला असेल आणि त्याचे पैसे द्यायचे असतील, तर त्या व्यापाऱ्याचे नाव जमा बाजूला मामूंप्रमाणेच वेगळे लिहावे. भांडवल तेवढ्याने कमी होईल.

मामूंचे खाते वेगळे न ठेवता सगळे 2,95,000 रुपये भांडवलात लिहिले तर काय होईल, ते वर्षअखेरीच्या आकड्यांवरून पाहू. समजा, या जॉबरने दरमहा 5,000 रुपये याप्रमाणे वर्षभरात मामूंना 60,000 रुपये परत केले. घरखर्चासाठी दरमहा 8,000, म्हणजे 96,000 रुपये उचलले. 31 मार्च रोजी दुकानातील रोख, फर्निचर आणि माल मिळून 3,40,000 रुपये झाले. मामूंचे देणे 40,000 उरले. म्हणजे अखेरचे भांडवल 3,00,000. त्यात उचललेले 96,000 मिळवले आणि आरंभीचे 1,95,000 वजा केले, तर वर्षाचा नफा 2,01,000 रुपये येतो.

आता आरंभीचे भांडवल 2,95,000 लिहिले असेल, पण वर्षअखेरीस मामूंचे 40,000 आठवणीने वजा केले, तर नफा 1,01,000 रुपयेच दिसेल. बरोबर एक लाखाचा फरक, म्हणजे कर्जाएवढाच. आणि मामूंचे नाव दोन्ही वेळा विसरले, तर नफा 1,41,000 दिसेल. इथे फरक 60,000 चा आहे, म्हणजे जेवढे फेडले तेवढाच. तेव्हा ओळखण्याची खूण अशी : विक्री पाहता नफा कमी वाटत असेल आणि कमी पडणारी रक्कम कर्जाएवढी किंवा फेडीएवढी असेल, तर दोष धंद्यात नाही, पहिल्या नोंदीत आहे.

ही चूक केवळ वहीत राहत नाही. दुसऱ्या वर्षी धाकटा भाऊ दुकानात बरोबरीचा भागीदार व्हायला निघाला आणि थोरल्याच्या भांडवलाएवढी रक्कम आणायचे ठरले, तर ती रक्कम कोणत्या आकड्यावरून काढणार? मामूंचे पैसे भांडवलात मिसळलेले असतील, तर धाकट्याला परक्या पैशाच्या बरोबरीने स्वतःचे पैसे घालावे लागतील. तसेच मालकाचे अचानक निधन झाले, तर वारसांना वाटणी करण्यापूर्वी त्याचे कर्ज फेडावे लागते. मामूंनी दिलेल्या पैशांचा दाखला वहीत नसेल, तर त्यांना स्वतःचेच पैसे मागताना संकोच वाटेल आणि मुलांनाही खरे काय ते कळणार नाही. एका ओळीच्या नोंदीने दोन्ही घरांमधील कटुता टळते.

शेवटी पैसे कसे घ्यावेत आणि कसे द्यावेत याबद्दल. आयकर कायद्यानुसार 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने कर्जाऊ घेता येत नाही. ती अकाउंट पेयी चेकने किंवा बँकेमार्फत घ्यावी लागते. देणारा सख्खा मामा असला तरी यातून सूट नाही. नियम मोडल्यास घेतलेल्या रकमेएवढा दंड होऊ शकतो. फेडीचेही तसेच आहे. कर्ज एक लाखाचे असेल तर 5,000 रुपयांचा हप्ताही रोखीने देऊ नये, कारण इथे हप्ता पाहिला जात नाही, एकूण कर्ज पाहिले जाते. म्हणून आपल्या जॉबरने मामूंकडून चेक घेतला आणि दुकानाच्या नावाने बँकेत खाते उघडून त्यातूनच हप्ते सुरू केले. दरमहा त्याच्या वहीत एवढीच नोंद पडते : मामूंचे कर्ज खाते नावे 5,000, बँक खाते जमा 5,000. हा पैसा खर्चातही जात नाही आणि उचलीतही जात नाही.

ज्यांचे दुकान आधीच सुरू आहे आणि ज्यांनी अशी नोंद केलेली नाही, त्यांनी जुने वर्ष उकरत बसण्याची गरज नाही. येत्या 31 मार्चच्या रात्री माल मोजावा, रोख आणि बँकेची शिल्लक घ्यावी, फर्निचरची आजची किंमत धरावी, गिऱ्हाइकांकडून येणे किती तेही लिहावे. दुसऱ्या बाजूला व्यापाऱ्यांचे देणे आणि दुकानासाठी घेतलेल्या कर्जाची बाकी लिहावी. ही बाकी कर्ज देणाऱ्याला विचारून पक्की करून घ्यावी. दोन्ही बाजूंमधील फरक हे 1 एप्रिलचे भांडवल, आणि नव्या वहीच्या पहिल्या पानावरची नोंद हीच.